रात्री मुंग्या, दिवसा मनगट दुखणं: टायपिंग करणाऱ्या हातांकडे कसं पाहावं

प्रश्न: मी नाशिकला कोर्टाच्या परिसरात मराठी टायपिंगचं काम करते, दिवसाला आठ-नऊ तास. दोन महिन्यांपासून रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते आणि दिवसा मनगट दुखतं. हे टायपिंगमुळेच आहे का? मध्ये किती वेळाने थांबायचं, कोणते व्यायाम करायचे आणि डॉक्टरकडे कधी जायचं?

उत्तर:

ताई, आज घरी एक तपासणी करून बघा. देवापुढच्या वातीचा थोडा कापूस घ्या. डोळे मिटून उजवा हात उताणा ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी तो कापूस तुमच्या अनामिकेवरून, म्हणजे करंगळीशेजारच्या बोटावरून, हलकेच फिरवायला सांगा. आधी मधल्या बोटाच्या बाजूच्या कडेवरून, मग करंगळीच्या बाजूच्या कडेवरून. एकाच बोटाच्या एका कडेला कापूस नीट जाणवला आणि दुसऱ्या कडेला बधिर किंवा वेगळाच लागला, तर तुमच्या त्रासाची जागा बरीचशी कळली.

अनामिका दोन नसांमध्ये वाटलेली असते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग मीडियन नर्व्हकडे असतो. उरलेली अर्धी अनामिका आणि करंगळी अल्नर नर्व्हकडे. मीडियन नर्व्ह मनगटात दाबली गेली की मुंग्या अंगठ्याकडच्या साडेतीन बोटांत येतात आणि करंगळी मोकळी राहते. म्हणून 'सगळ्या हाताला मुंग्या येतात' असं कुणी सांगितलं की मी आधी करंगळीबद्दल विचारते. बरेच जण तिथे थांबतात आणि म्हणतात, 'नाही, करंगळीला काही होत नाही.' मध्यरात्री झोपेतून उठल्यावर कुठलं बोट बधिर आहे हे कुणी मोजत बसत नाही, पण पुढच्या वेळी जाग आली की तेवढं जरूर बघा. उठल्यावर तुम्ही हात झटकता का, तेही आठवा. झटकल्यावर दोन-तीन मिनिटांत बरं वाटत असेल तर तीही मनगटातली नस दबल्याची ठळक खूण आहे.

आता मनगटात नेमकं काय होतं ते सांगते. तळहाताच्या सुरुवातीला, मनगटाच्या छोट्या हाडांच्या वर आणि एका जाड, न ताणणाऱ्या पट्ट्याच्या खाली एक अरुंद बोगदा असतो. त्याला कार्पल टनेल म्हणतात. बोटं मिटवणारे नऊ स्नायुबंध आणि ही एक नस, सगळं त्यातूनच जातं. स्नायुबंधांभोवतीचं अस्तर थोडं जरी सुजलं तरी जागा कमी पडते आणि त्या गर्दीत सगळ्यात मऊ असते ती नस. मनगट पुढे किंवा मागे वाकलं की आतला दाब वाढतो. झोपेत आपण हात दुमडून उशीखाली, गालाखाली घेतो, मनगट तासन् तास वाकलेलं राहतं, म्हणून त्रास रात्री जास्त होतो. काम दिवसा आणि त्रास रात्री, हे कोडं अनेकांना पडतं. त्यामुळे 'कामामुळे नसेल' असं समजून काहीजण महिनोन् महिने काढतात.

टायपिंगमुळेच का, याचं सरळ 'हो' असं उत्तर मी देणार नाही. नुसत्या कीबोर्डमुळे कार्पल टनेलचा त्रास होतो की नाही, याबद्दल संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. माउसचा खूप वापर, जोराने पकड लागणारी कामं आणि सतत वाकलेलं मनगट यांचा संबंध त्याहून जास्त दिसतो. शिवाय थायरॉईड कमी असणं, मधुमेह, गरोदरपण, वाढलेलं वजन आणि संधिवात यांत ही नस सहज दबते. माझ्या अनुभवात बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी एकत्र येतात. शरीरात आधीपासून एखादं कारण असतं, त्यावर टेबल-खुर्चीची चुकीची उंची आणि त्यावर अचानक वाढलेलं काम. नुसतं टायपिंग कमी करून बाकीचं तसंच ठेवलं तर त्रास हटत नाही.

तुमचं दिवसाचं दुखणं मात्र वेगळं असू शकतं, हेही लक्षात घ्या. नस दबली की मुंग्या, बधिरपणा, कधी जळजळ होते. स्नायुबंधाला ताण आला की वापरताना दुखतं आणि नेमक्या जागी दाबलं की कळ येते. ती जागा टायपिंग करणाऱ्यांत दोन ठिकाणी सापडते. एक म्हणजे हाताच्या वरच्या बाजूला, कोपराच्या खाली तीन-चार बोटांवर. बोटं सतत उचललेली ठेवणारे स्नायू तिथे असतात. दुसरी मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला. ही दुसरी जागा अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हळूच झुकवलं की झणझणते. स्पेसबार अंगठ्याने आपटणाऱ्यांत आणि मोबाईलवर अंगठ्याने टाईप करणाऱ्यांत मी ती बघते, तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्येही. स्नायुबंधाचं दुखणं सुरुवातीला काम सुरू करताना जाणवतं, हात चालू लागला की कमी होतं आणि संध्याकाळी परत डोकं वर काढतं. पुढे ते दिवसभर राहतं. त्याच्याही पुढे रविवारच्या सुट्टीनंतरही सोमवारी सकाळी दुखणं जागेवरच असतं. सुट्टीने फरक पडेनासा झाला की घरगुती उपायांवर वेळ घालवू नका.

मुंग्या फक्त करंगळीला आणि तिच्या बाजूच्या अर्ध्या बोटाला येत असतील तर बघायची जागा कोपर. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणं किंवा कोपर दुमडून तासभर फोन कानाला लावणं, याने तिथली नस दबते. आणि मान फिरवली, मागे नेली की हातात कळ जात असेल, तर मूळ मानेत असण्याची शक्यता मोठी.

एका रुग्णाची हकिगत सविस्तर सांगते, कारण ती तुमच्या त्रासाशी बरीच जुळते. डीटीपीचं काम करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या बाई. वर्षभर काम बेताचं, पण तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिकांची रांग लागते आणि मग दहा-दहा तास बैठक. त्या हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यापासून रात्री दोन-तीनच्या सुमाराला हात बधिर होऊन जाग यायला लागली. त्यांनी तेल चोळलं, दिवसभर घट्ट क्रेप बँडेज बांधलं आणि कुणीतरी सांगितलं म्हणून रबरी चेंडू दाबायचा व्यायाम सुरू केला. चेंडूने त्रास वाढला. तो वाढणारच होता. मूठ जोरात आवळली की ते नऊ स्नायुबंध ताणले जातात आणि आतला दाब आणखी चढतो. नस दबलेली असताना चेंडू दाबू नका, हे मी सगळ्यांनाच सांगते.

तपासताना अनामिकेची कापसाची खूण स्पष्ट मिळाली. मग मी त्यांना दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून, मनगटं काटकोनात वाकवून, कोपरं बाजूला ठेवून तसंच थांबायला सांगितलं. ही तपासणी एक मिनिटाची असते. त्यांच्या मधल्या बोटात वीसेक सेकंदांतच मुंग्या सुरू झाल्या. तुम्हीही ही करून बघू शकता, पण मुंग्या आल्या की लगेच हात सोडा, आणि मिनिटभरात काही झालं नाही म्हणून नस ठीकच आहे असं धरू नका. नंतर अंगठ्याची ताकद पाहिली. तळहात वर करून अंगठा छताकडे उभा करायचा आणि मी तो खाली दाबायचा. ताकद दोन्हीकडे सारखी होती, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटाही भरलेला होता. इथे माझी काळजी बरीच कमी झाली, कारण नस दबली होती पण स्नायूपर्यंत नुकसान गेलं नव्हतं.

त्यांना मी एक फोटो आणायला सांगितला. काम चालू असताना शेजारच्याने मोबाईलवर बाजूने काढलेला. सावरून बसून काढलेला फोटो उपयोगाचा नाही. त्या फोटोत सगळं होतं. कीबोर्डच्या मागचे दोन पाय उभे केलेले, त्यामुळे मनगट मागे वाकलेलं. टेबल उंच, प्लॅस्टिकची खुर्ची बुटकी, म्हणून कोपर टेबलाच्या खाली आणि तळहाताचा पाया सनमायकाच्या धारदार कडेवर टेकलेला. नस जिथे आधीच दबत होती त्याच जागी बाहेरूनही दाब. माउस आकड्यांच्या कळांच्याही पलीकडे, हात लांब ताणून धरायचा.

दुसरी गोष्ट बोलता बोलता निघाली. त्यांना थायरॉईडची गोळी चालू होती, पण ती चहाबरोबर घेतली जायची आणि घाईच्या दिवसांत राहूनही जायची. ही गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास चहा-नाश्ता टाळावा लागतो, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. रक्ताच्या तपासणीत त्यांचं टीएसएच वाढलेलं आलं, म्हणजे थायरॉईड कमी पडत होतं. ते त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी मार्गी लावलं. नसेची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, केली तेव्हा मनगटातून संदेश जाण्याचा वेग थोडा कमी झालेला आढळला, सौम्य प्रकारचा.

मग पुढे काय केलं, ते क्रमाने सांगते, कारण तुम्हालाही साधारण हेच करायचं आहे.

सगळ्यात जास्त फरक पडला तो रात्रीच्या पट्ट्याने. औषधाच्या दुकानात मनगटाचा जो पट्टा मिळतो, त्यात आत धातूची एक पट्टी असते आणि ती बहुतेक वेळा मागे वाकवलेली असते. तसाच बांधला तर मनगट रात्रभर मागे वाकलेलं राहतं, आणि आपल्याला ते सरळ हवं असतं. ती पट्टी शिवणीतून बाहेर काढून जवळजवळ सपाट करायची आणि परत घालायची. पट्टा इतपतच आवळायचा की त्याखाली एक बोट सहज जाईल. रोज रात्री, निदान सहा आठवडे. दोन रात्री बांधून 'फरक नाही' म्हणून सोडणारे खूप असतात, पण नसेला सावरायला वेळ लागतो. दिवसा टायपिंग करताना मात्र हा पट्टा घालू नका. मनगट अडकलं की बोटं आणि खांदा त्याच्याशी झगडत राहतात आणि दुखणं तिकडे सरकतं.

बसण्याच्या जागेत त्यांनी एकही महागडी वस्तू आणली नाही. कीबोर्डचे मागचे पाय मिटवले. खुर्चीवर घडी घातलेली गोधडी टाकून उंची वाढवली, त्यामुळे कोपर टेबलाच्या पातळीला आलं. पाय लोंबकळू लागले म्हणून पायाखाली लाकडी पाट घेतला. कीबोर्ड कडेपासून थोडा आत सरकवला. टायपिंग करताना मनगट तरंगतं ठेवायचं, आणि थांबल्यावर तळहात टेकवायचा, हा नियम. माउस जवळ घेण्यासाठी आकड्यांच्या कळा नसलेला छोटा कीबोर्ड घेतला तर उत्तम. तो नसेल तर नेहमीचा कीबोर्ड डावीकडे सरकवा, म्हणजे तुमच्या नाकासमोर अक्षरं येतील आणि माउस खांद्याच्या रेषेत येईल. लॅपटॉपवर काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडून लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर उंच ठेवा.

मराठी टायपिंगची एक खास अडचण आहे. इनस्क्रिप्टमध्ये बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आणि स्वर-मात्रा डाव्या हाताला असतात. ख, घ, थ, ध, भ, ण, ळ, श अशी बरीच अक्षरं शिफ्ट धरल्याशिवाय येत नाहीत, आ, ई, ए हे सुटे स्वरही नाहीत. 'आहे' हा शब्द आपण दिवसातून शेकडो वेळा टाईप करतो आणि दर वेळी 'आ'साठी शिफ्ट लागते. शिफ्ट धरायची करंगळीने, तीही ताणून, आणि त्याच वेळी त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाने कळ दाबली की मनगट करंगळीच्या बाजूला वळतं. म्हणून अक्षर ज्या हाताचं असेल त्याच्या विरुद्ध हाताची शिफ्ट वापरायची, हा क्लासमध्ये शिकवलेला नियम कसोशीने पाळा. घाईत सगळ्यात आधी हाच सुटतो. तरीही करंगळी दुखत असेल तर विंडोजमध्ये शिफ्टची कळ सलग पाच वेळा दाबा आणि स्टिकी कीज चालू करा. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. एकदा दाबून सोडायची आणि पुढचं अक्षर दाबायचं. सुरुवातीला हात अडखळतो, नंतर सवय होते.

आता थांबण्याबद्दल. तुम्ही दुखायला लागल्यावर थांबत असाल तर ते उशिराचं थांबणं आहे. माझा सल्ला असा की दर वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धा मिनिट हात कीबोर्डवरून पूर्ण उचला, मांडीवर सैल सोडा, खांदे खाली येऊ द्या. आणि दर तासाला पाच मिनिटं खुर्चीवरून उठा. 'एवढं उठलं तर काम कसं होणार' हा प्रश्न प्रत्येक टायपिस्ट विचारतो, आणि पानावर पैसे मिळत असतील तर तो रास्तच आहे. यावर अमेरिकेत एनआयओएसएच या सरकारी संशोधन संस्थेने कर खात्यातल्या डेटा एंट्री ऑपरेटरांवर अभ्यास केला होता, तो 2000 साली प्रसिद्ध झाला. कामातल्या नेहमीच्या मधल्या सुट्ट्यांखेरीज पाच-पाच मिनिटांच्या, दिवसाला एकूण वीस मिनिटांच्या जादा विश्रांती दिल्या. हात, खांदे, डोळे यांचा त्रास कमी झाला आणि दिवसभराचं काम घटलं नाही. विश्रांतीनंतर हात जलद चालतो, चुका खोडत बसण्याचा वेळ वाचतो, असं मला माझ्या रुग्णांतही दिसतं.

त्या पाच मिनिटांत मोबाईल हातात घेतला तर विश्रांती झालीच नाही. स्क्रीनवर अंगठा सरकवताना तेच स्नायुबंध चालतात आणि मनगट बहुधा वाकलेलंच असतं. चहा आणायला जा, पक्षकाराला कागद नेऊन द्या, पाण्याची बाटली भरून आणा. मुद्दाम छोटी बाटली वापरणारे मी पाहिले आहेत. ती लवकर संपते आणि उठावंच लागतं.

व्यायामांत निवड महत्त्वाची आहे. दुखणं स्नायूचं असेल, म्हणजे कोपराखाली वरच्या बाजूला, तर हा ताण उपयोगी पडतो: हात समोर सरळ, तळवा जमिनीकडे, मनगट सैल सोडून बोटं खाली लोंबू द्या आणि दुसऱ्या हाताने पंजा हलकेच आपल्याकडे ओढा. वरच्या बाजूला ओढ जाणवली पाहिजे, कळ नाही. पंधरा-वीस सेकंद धरा, तीनदा करा. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या सकाळी हात गार आणि ताठ असतात, तेव्हा आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात हात धरून मगच ताण द्या.

मुंग्या येत असतील तर पंजा जोराने मागे ओढण्याचा व्यायाम मी देत नाही, कारण मनगट मागे वाकवल्याने बोगद्यातला दाब वाढतो. त्याऐवजी बोटांचा एक साधा क्रम करा. मनगट सरळ ठेवून आधी पाचही बोटं उभी. मग फक्त बोटांची टोकं आणि मधले सांधे वाकवून हुकासारखा आकार करा, तळव्याजवळचे सांधे सरळच. परत उभी. मग पूर्ण मूठ, आवळायची नाही. परत उभी. मग बोटं सरळ ठेवून फक्त तळव्याजवळच्या सांध्यात काटकोनात वाकवा. परत उभी. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद, असे पाच फेरे, दिवसातून तीन वेळा. याने स्नायुबंध बोगद्यात एकमेकांवरून मोकळे सरकतात. हे करताना मुंग्या वाढल्या किंवा नंतर अर्धा तास टिकल्या तर थांबवा. इंटरनेटवर नस ताणायचे व्यायाम सापडतात, ते पाहून आपल्या मनाने करू नका. चिडलेली नस ताणली की आणखी चिडते, आणि ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

कीबोर्डबाहेरचा हाताचा दिवसही मोजा. पिळून कपडे वाळत घालणं, चार-पाच जणांची कणीक मळणं, सिडकोतून कोर्टापर्यंत गर्दीत स्कूटरची मूठ आवळून येणं, हे सगळं त्याच नसेवर येतं. निदान त्या सहा आठवड्यांसाठी कणीक आणि कपडे पिळणं घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. त्या डीटीपीवाल्या बाईंच्या घरी हे मीच त्यांच्या यजमानांना बोलावून सांगितलं, कारण त्यांच्या सांगण्याने ते होत नव्हतं.

त्यांच्या रात्री दुसऱ्या आठवड्यापासून सुधारल्या. सहाव्या आठवड्यात जाग येणं जवळपास थांबलं. दिवसाचं दुखणं मागे राहिलं आणि ते जायला तीनेक महिने लागले. पुढच्या लग्नसराईत पट्टा कपाटात होता आणि मुंग्या परत सुरू झाल्या. या वेळी त्यांनी पहिल्याच आठवड्यात पट्टा बांधला, थायरॉईडची तपासणी करून घेतली आणि हंगाम निभावला. नस एकदा दबली की ती जागा हळवी राहते, म्हणून काम वाढणार हे आधी माहीत असेल तर पट्टा आणि विश्रांती त्याच दिवसापासून सुरू करा.

डॉक्टरकडे कधी जायचं याबद्दल मी तुमच्यापुरतं स्पष्ट सांगते. दोन महिने रात्री जाग येते आहे, तेव्हा वाट बघण्याची मुदत तुम्ही ओलांडली आहे. वर सांगितलेलं आजपासून सुरू करा, पण पुढच्या आठवड्याभरात फॅमिली डॉक्टरांना भेटाच. टीएसएच, मधुमेहाची तपासणी आणि पायांनाही मुंग्या येत असतील तर बी-12 करून घ्या. त्यांच्या सल्ल्याने अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्टकडे जा, एनसीव्ही ते सांगतील. खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत दाखवा. एनसीव्ही सुरुवातीच्या काळात नॉर्मलही येऊ शकते. तरीही लक्षणं ठळक असतील तर उपचार सुरू ठेवायचे असतात, रिपोर्ट दाखवून कुणी 'काही नाही' म्हटलं तरी हात काय सांगतो ते डॉक्टरांना पुन्हा सांगा.

काही खुणा दिसल्या तर मात्र आठवडाही थांबू नका. बधिरपणा येऊन-जाऊन न राहता दिवसभर टिकायला लागला. पोलक्याची बटणं, सुई, नाणं उचलणं जमेना. कपबशी हातातून निसटायला लागली. किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा खोल गेला. हा शेवटचा बदल हळू होतो आणि दुखत नाही, म्हणून दर रविवारी दोन्ही तळवे शेजारी ठेवून खिडकीच्या तिरप्या उजेडात बघा. उजव्या हाताचा उंचवटा डाव्यापेक्षा सपाट दिसला तर स्नायूकडे जाणारे धागे मरू लागले आहेत. तिथपर्यंत पोचल्यावर नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया करूनही गेलेला स्नायू पूर्ण भरेलच असं सांगता येत नाही. ही शस्त्रक्रिया मोठी नसते, बहुतेकदा फक्त हात बधिर करून होते आणि त्याच दिवशी घरी सोडतात. तिची भीती बाळगून वर्ष-दोन वर्षं काढणारे लोक शेवटी येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. तिच्या आधीचा टप्पा म्हणजे मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन. सौम्य आणि मध्यम त्रासात ते काही आठवडे ते महिने आराम देतं, आणि तेवढ्या काळात बसण्याची जागा आणि थायरॉईड दुरुस्त करून घेता येतं.

एका हाताला अचानक, काही मिनिटांत बधिरपणा किंवा कमजोरी आली आणि सोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, पाय लटपटला, तर तो टायपिंगचा त्रास नव्हे. ते मेंदूच्या झटक्याचं लक्षण असू शकतं. मनगट चोळत न बसता 108 ला फोन करा.

आणि दुखणं थांबवणारी गोळी घेऊन टायपिंग पूर्ण करायची सवय असेल तर ती सोडा. गोळीने कळ दबते, नसेवरचा दाब नाही. डॉक्टरांकडे जाताना तुमच्या बसण्याचा बाजूने काढलेला फोटो आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. त्याआधी आठवडाभर सकाळी उठल्यावर एका कागदावर लिहा: रात्री किती वेळा जाग आली, कुठली बोटं बधिर होती, करंगळी मोकळी होती का. तपासणाऱ्याला निम्मं निदान त्या कागदावरच मिळतं.